पगार कमी होता, आणि आता जुन्या स्लिपा मागतात

*मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या ऑटो पार्ट कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, पाच वर्षं दोन महिने एकाच ठिकाणी. स्लिपवर बेसिक आणि डीए १५,०००, एचआरए ४,५००, इतर भत्ते ४,५००. पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात २२,००० येतात. शिवाय महिन्याला सरासरी २,००० इन्सेंटिव्ह वेगळा खात्यात जमा होतो, आणि दिवाळीला एका बेसिकएवढा बोनस. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत टेक्निकल राउंड चांगला झाला. तिथं माझ्याएवढ्याच अनुभवाच्या ओळखीतल्या एकाला हातात चाळीसच्या आसपास मिळतात. फॉर्ममध्ये करंट सीटीसी २.६४ लाख लिहिला. आता एचआर मॅडम म्हणतात, तीन महिन्यांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट पाठवा, आम्ही जास्तीत जास्त ३० टक्के वाढ देतो. एक मित्र म्हणतो, स्लिप एडिट करून देतो, सगळेच करतात. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, जुना पगार विचारणं बेकायदेशीर आहे, देऊच नको. घर सोडून चाकणला राहिलो तर खोली, मेस, पेट्रोल मिळून ११ हजार खर्च वाढेल. काय करू?*
*— एक वाचक, सातारा*

स्लिपा पाठवण्याआधी तो २.६४ लाखांचा आकडा दुरुस्त करा. तुमचं खरं नुकसान तिथं होतंय, आणि ते मॅडमनी केलेलं नाही.

२२ हजार गुणिले बारा हा तुमचा सीटीसी नाही. हातात पडणारे पैसे वेगळे आणि कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा खर्च वेगळा. चाकणची कंपनी तुम्हाला जो आकडा देऊ करेल तो या दुसऱ्या प्रकारचा असणार, मग तुलनाही त्याच्याशीच हवी. हिशेब करून बघू. स्लिपवरचा ग्रॉस २४,०००, म्हणजे वर्षाचे २,८८,०००. तुमच्या पगारातून जसे १,८०० पीएफला जातात तसे कंपनीही तिच्या खिशातून १,८०० भरते; लहान कंपन्यांच्या स्लिपवर हा मालकाचा वाटा बहुधा छापलेलाच नसतो. त्याचे वर्षाचे २१,६००. दिवाळीचा बोनस १५,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, ते झाले साधारण ८,६५०. आणि इन्सेंटिव्हचे २४,०००. बेरीज येते ३ लाख ५७ हजारांच्या आसपास. तुम्ही लिहिलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ ९३ हजारांनी जास्त, आणि यात फुगवलेलं काही नाही.

आता मॅडमचे ३० टक्के लावून बघा. २.६४ लाखांवर ३० टक्के म्हणजे ३.४३ लाख सीटीसी. हा तर तुमच्या आजच्या ३.५७ लाखांपेक्षाही कमी झाला! महिन्याचं गणित केलं तरी तेच दिसतं. ३.४३ लाखांतून कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बाजूला काढली, मग तुमचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापले, की हातात साधारण सव्वाचोवीस हजार उरतात. आज इन्सेंटिव्ह धरून तुमच्या खात्यात चोवीस हजार येतात आणि वर दिवाळीचा बोनस असतो. तीस टक्के वाढीच्या नावाखाली तुम्ही घरचं जेवण सोडून, आहात त्याच पगारावर चाकणला जाल.

तेव्हा पहिला मेल दुरुस्तीचा. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर साधारण असा ठेवा: 'फॉर्ममध्ये करंट सीटीसीच्या रकान्यात मी चुकून हातात येणारी रक्कम लिहिली होती. पीएफचा कंपनीचा वाटा, बोनस, इन्सेंटिव्ह आणि ग्रॅच्युइटी धरून माझा सध्याचा सीटीसी ३.५७ लाख आहे. फोड सोबत जोडली आहे, प्रत्येक रकमेचा कागद देऊ शकतो.' इतकंच. माफी मागत बसू नका. निम्मे उमेदवार हीच गल्लत करतात आणि एचआरमध्ये बसलेल्यांना ती पाठ असते; पण उमेदवाराने आपणहून दुरुस्त केली नाही तर ती त्यांच्या सोयीची असते, हेही खरं.

फोड दिलीत की तिचे कागदही तयार ठेवा, कारण तीन महिन्यांच्या स्लिपांमध्ये यातलं अर्धं दिसणारच नाही. बोनस दिसायला दिवाळीच्या महिन्याची बँकेतली नोंद हवी. इन्सेंटिव्हच्या सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र करा, म्हणजे 'सरासरी' म्हणालात ती कुठून आली ते कळेल. तुमचा इन्सेंटिव्ह खात्यात येतो हे बरं आहे. कित्येक छोट्या युनिटमध्ये तो व्हाउचरवर सही घेऊन रोखीत देतात. तसं असतं तर त्याचा उल्लेख वेगळ्या ओळीत करून 'रोख, कागद नाही' असं स्पष्ट लिहायला मी सांगितलं असतं आणि तो बेरजेत धरू दिला नसता. पीएफच्या कंपनीच्या वाट्यासाठी ईपीएफओचं पासबुक उतरवून घ्या. त्यात एक गंमत आहे. कंपनीच्या रकान्यात तुम्हाला १,८०० दिसणार नाहीत, साधारण ५५० दिसतील. उरलेले १,२५० पेन्शनच्या रकान्यात असतात. दोन्ही मिळून कंपनीचा वाटा होतो. ते ५५० बघून 'माझी कंपनी पीएफ कमी भरते' असं समजणारे मी खूप पाहिलेत, आणि पासबुक घाईत चाळणाऱ्या रिक्रूटरचीही तीच फसगत होऊ शकते. म्हणून दोन्ही रकान्यांवर खूण करून द्या.

आणखी एक. यादीत फॉर्म सोळा मागितला असेल आणि तुमच्याकडे नसेल तर घाबरू नका. तुमच्या पगारावर टीडीएस कापला जात नसेल तर कंपनीने फॉर्म सोळा दिलेला नसणार. 'कर कापला गेला नाही म्हणून फॉर्म सोळा नाही' असं एका वाक्यात कळवा.

आता मित्र आणि मावसभाऊ.

मावसभाऊ खोटं बोलत नाही, फक्त त्याच्या गावचा कायदा तुम्हाला सांगतोय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून मालकाला उमेदवाराचा जुना पगार विचारता येत नाही, आणि अमेरिकेतल्या आणखीही काही राज्यांत असे कायदे आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकतेच्या निर्देशातही हीच बंदी आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. चाकणमधली कंपनी जर्मन असो की अमेरिकन, तिथल्या मुख्यालयात जो प्रश्न विचारायला मनाई असेल तोही इथल्या प्लांटमध्ये बिनदिक्कत विचारतात. म्हणून 'हे बेकायदेशीर आहे' असं चुकूनही लिहू नका. वाद घालणारा म्हणून नाव लागेल आणि मुद्दाही चुकीचाच ठरेल.

मित्राचा सल्ला मात्र नुकसानीचा आहे. एडिट केलेली स्लिप पकडली जाते ती फाँट बघून नव्हे, ताळा जुळत नाही म्हणून. तुमच्याकडून स्टेटमेंटही मागितलंय. स्लिपवर नेट पे ३२,००० आणि खात्यात २२,०००, हे कळायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. स्टेटमेंटही बदललं तरी पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन येतं. कंपनीने नेमलेली एजन्सी तुमच्या जुन्या कंपनीला मेल करते आणि रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, शेवटचा पगार आणि वागणूक विचारते. साताऱ्याच्या छोट्या कंपनीत हा मेल बहुधा अकाउंट्समधल्या माणसाकडे जातो आणि तो रजिस्टरमधला आकडा जसाच्या तसा लिहून पाठवतो. हे उत्तर कधी कधी तुम्ही रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतं. तोवर सातारची नोकरी गेलेली, चाकणच्या खोलीचं डिपॉझिट भरलेलं, आणि ऑफर लेटरमध्ये बारीक अक्षरात असतंच की माहिती खोटी निघाल्यास सेवा तत्काळ संपुष्टात येईल. खोटा कागद खरा म्हणून देणं हा फौजदारी गुन्हा आहे हे वेगळंच. कंपन्या सहसा पोलिसांत जात नाहीत, नोकरीवरून काढून मोकळ्या होतात. मग पुढच्या मुलाखतीत 'तीन महिन्यांत का सोडलं' याचं उत्तर शोधत बसायचं.

शिवाय लपवून उपयोग नसतो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली की टीडीएस नीट कापला जावा म्हणून नवीन कंपनीला त्या वर्षातला जुना पगार सांगावा लागतो. यूएएन एकच असल्याने पीएफची नोंदही तिथंच पुढे चालू राहते. आकडा आज ना उद्या त्यांच्या टेबलावर जाणारच आहे. तुमच्या हातात आहे ते इतकंच, की तो आकडा पगार ठरायच्या आधी एकटा जातो की तुमच्या मागणीबरोबर जातो.

यासाठी टेबलापलीकडे काय चालतं ते सांगते, मी स्वतः त्या बाजूला बसलेली आहे. उमेदवार पक्का झाला की एचआरला एक मंजुरीची नोट वर पाठवावी लागते. त्यात रकाने असतात: सध्याचा सीटीसी, देऊ केलेला सीटीसी, वाढीचा टक्का, त्या पदाचा पगाराचा पट्टा आणि त्याच टीममधल्या लोकांचा पगार. ३० टक्क्यांपर्यंत मॅडम स्वतःच्या सहीने पुढे जाऊ शकत असतील. त्याच्यावर गेलं की प्लांट हेडची किंवा फायनान्सची सही लागते आणि 'कारण' या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. म्हणजे '३० टक्के पॉलिसी आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा 'त्यापुढे मला लिखापढी करावी लागते' एवढाच असतो. ती लिखापढी तुम्ही करून द्या. कारणाच्या रकान्यात चिकटवता येईल असा परिच्छेद हाती आला तर मॅडमचं काम सोपं होतं. 'माझ्या घरी अडचण आहे' हे त्या रकान्यात लिहिता येत नाही.

त्या परिच्छेदात तुमचं काम हवं, आणि त्यांच्या भाषेत हवं. तुमच्या पत्रात कामाबद्दल एक ओळ नाही, म्हणून मी अंदाजाने लिहिते. जे खरं असेल तेवढंच ठेवा. नवीन पार्टची पीपीएपी फाइल स्वतः बनवून कस्टमरकडून मंजूर करून घेतली असेल तर किती पार्टची ते लिहा. कस्टमर ऑडिटला तुम्ही उभे राहता का? आयएटीएफ १६९४९ चं इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट आहे का? रिजेक्शनचा पीपीएम अमुक होता, दोन वर्षांत तमुक झाला, हे कागदावर दाखवता येतं का? छोट्या कंपनीत पाच वर्षं काढलेल्या माणसाची एक बाजू भक्कम असते: इनकमिंगपासून कस्टमर कम्प्लेंटपर्यंत सगळं एकट्याने निस्तरलेलं असतं. मोठ्या कंपनीत हीच कामं तीन जणांत वाटलेली असतात. हे त्यांच्या क्वालिटी मॅनेजरला चांगलं माहीत असतं. टेक्निकल राउंड त्यांनीच घेतला असेल तर शक्य झाल्यास मेलमध्ये त्यांनाही सीसीत ठेवा. माणूस हवा असतो तो मॅनेजरला, पैसे वाचवायचे असतात ते एचआरला. मॅनेजरने 'हा मुलगा सोडू नका' म्हटलं की टक्केवारी सैल होते.

पगार कमी का होता, हा प्रश्न येईलच. उत्तर दोन वाक्यांचं ठेवा. 'साताऱ्यात टियर टू सप्लायरकडे या पदाला हाच दर आहे. मी घरी राहत होतो आणि काम शिकायला मिळत होतं म्हणून थांबलो.' जुन्या मालकाने तीन वर्षं इन्क्रिमेंट दिलं नाही, आश्वासनं दिली आणि फिरवली, हे सगळं खरं असलं तरी तिथं नको. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच येतं की तीन वर्षं याला दुसरं कुणी घेतलं नाही की काय.

आता तुम्ही किती मागायचं. त्याआधी किती खाली यायचं नाही ते ठरवा, कारण फोनवर समोरून आकडा आला की माणूस 'ठीक आहे मॅडम' म्हणून मोकळा होतो. आज तुमच्याकडे महिन्याला पगार आणि इन्सेंटिव्हचे २४,००० येतात, दिवाळीचा बोनस बारा महिन्यांत वाटला तर आणखी १,२५०. चाकणला गेल्यावर तुमच्याच अंदाजाने ११,००० जादा जाणार. म्हणजे हातात ३६,२५० आले तर तुम्ही आज आहात तिथंच राहता, एक रुपयाही वाढला नाही. एवढे हातात यायला सीटीसी ४ लाख ९३ हजारांच्या आसपास लागतो, तोही कंपनी पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवरच कापत असेल तर. पूर्ण बेसिकवर कापत असतील तर हातात आणखी कमी येईल, अर्थात ते पैसे तुमच्याच पीएफमध्ये साठतात.

दुरुस्त केलेल्या ३.५७ वर ३० टक्के लावले तरी ४.६४ लाख होतात आणि हातात साधारण ३४ हजार. तुमच्या बरोबरीच्या रेषेपेक्षा सव्वादोन हजारांनी कमी. म्हणून आकडा सुधारून तुम्ही ३० टक्क्यांवर समाधान मानलंत तर ती फक्त कागदावरची वाढ आहे. माझ्या हिशेबाने पाच लाखांच्या खाली जायचं नाही आणि मागणी ५.४ लाखांची करायची. त्यात हातात ३८ ते ४० हजार येतात, म्हणजे तुमच्या ओळखीच्या मुलाच्या जवळपास. त्या मुलाचं नाव किंवा त्याचा पगार मात्र तोंडातून काढू नका. 'या पदाला या पट्ट्यात बाजारात हा दर आहे' एवढं पुरतं. त्याचं नाव घेतलंत तर त्याला केबिनमध्ये बोलावणं येईल, आणि उद्या त्याच्याच टीममध्ये तुम्हाला बसायचंय.

मॅडमचा फोन आला तर संवाद साधारण असा चालवा.

'तुमच्या सीटीसीवर आम्ही तीस टक्केच देऊ शकतो.'

'मॅडम, मी मेलमध्ये सीटीसीची फोड पाठवली आहे, ती मिळाली का? आणि या पदासाठी तुमचा पट्टा काय आहे ते कळलं तर बरं होईल.'

'पट्टा आम्ही सांगत नाही.'

'हरकत नाही. माझी अपेक्षा ५.४ लाख आहे. माझा सध्याचा पगार साताऱ्यातल्या दराप्रमाणे आहे, पण काम तुमच्या जाहिरातीत लिहिलंय तेच मी आज करतोय. टक्क्यांत बघितलं तर आकडा मोठा वाटेल, पदाच्या पगाराशी लावून बघाल का? मंजुरीसाठी कारण लागत असेल तर कामाचा तपशील मी पाठवलाय.'

मग गप्प बसा. इथं बहुतेकजण घाबरून स्वतःच 'चार ऐंशीलाही चालेल' म्हणतात. मॅडम 'विचारून सांगते' म्हणाल्या तर काम झालं असं समजा, कारण विचारायचं म्हणजे ती नोट वर जाणार.

स्लिपा कधी द्यायच्या याबद्दल आदर्श क्रम असा की आकडा मेलवर ठरावा आणि पडताळणीसाठी स्लिपा नंतर जाव्यात. पुढच्या वेळी पहिल्याच फोनवर 'करंट किती?' आलं की आधी 'या पदाचा पट्टा काय आहे?' विचारून बघा. पाचातल्या दोघी तरी सांगतात. पोर्टलवर रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नसेल तर खरा पूर्ण सीटीसी भरा आणि अपेक्षेच्या रकान्यात तुमचा आकडा. शून्य किंवा एक टाकण्याची युक्ती लोक सांगतात. त्याने अर्ज गाळला जाण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या बाबतीत मात्र टेक्निकल राउंड झालाय आणि कागद मागून झालेत. आता 'ऑफर आल्यावर देतो' म्हणून अडून बसलात तर फाइल तिथंच पडून राहील आणि दुसऱ्या उमेदवाराची पुढे सरकेल. तेव्हा स्लिपा द्या, पण त्या एकट्या पाठवू नका. एकाच मेलमध्ये वर तुमची अपेक्षा, मग कामाचा परिच्छेद, मग सीटीसीची फोड आणि शेवटी स्लिपा. उघडणाऱ्याला पहिला आकडा ५.४ दिसला पाहिजे.

स्टेटमेंटचं वेगळं. आधी विचारा की पगार जमा झाल्याच्या नोंदी पुरतील का. तुमचं उधार-उसनवार, वडिलांचं औषधपाणी, कुणाला पाठवलेले पैसे हे सगळं चाकणच्या एचआरने वाचायचं कारण नाही. बँकेच्या अॅपमधून तेवढ्याच तारखांचं स्टेटमेंट काढता येतं. पूर्णच हवं म्हणाले तर प्रिंट काढून बाकीच्या ओळी काळ्या करा आणि मेलमध्ये तसं लिहा, 'पगाराव्यतिरिक्तच्या नोंदी झाकल्या आहेत.' मूळ पीडीएफमध्ये ओळी पुसू नका, ते छेडछाड केल्यासारखं दिसतं आणि विनाकारण संशय येतो.

समजा त्यांनी पाचाच्या वर जायला नकार दिला आणि ४.८ वर अडले. मग दोन गोष्टी विचारा. पहिली, यात व्हेरिएबल किती? ४.८ मधले दहा टक्के व्हेरिएबल असतील तर दरमहा हातात येणारा पगार आणखी खाली जातो आणि ते वर्षअखेरीला मिळतीलच असं नाही. सगळं फिक्स्ड करून मिळालं तर तीही वाढच आहे. दुसरी, कंपनीची बस सातारा रोडने किंवा पिंपरीपर्यंत येते का आणि कँटीनमध्ये जेवण आहे का? तुमच्या ११ हजारांतलं पेट्रोल आणि एक वेळचं जेवण त्यातून सुटलं तर तुमची खालची रेषाच तीन-चार हजारांनी सरकते आणि ४.८ सुद्धा चालण्यासारखा होतो. सहा महिन्यांनी पगार बघू, असं कुणी म्हणालं तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. तोंडी 'बघू'चा अनुभव तुम्ही साताऱ्यात घेतलेलाच असेल.

४.६४ च्या वर काहीच नाही म्हणाले तर मी जाणार नाही. तुमची नोकरी चालू आहे, घरी राहताय, घाई त्यांना आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात क्वालिटीच्या जागा निघत राहतात, आणि पुढच्या कंपनीत तुम्ही पहिल्या दिवसापासून ३.५७ सांगणार आहात.

ऑफर लेटर हातात आल्याशिवाय साताऱ्यात राजीनामा देऊ नका. 'लवकरच पाठवतो' या मेलवरही नाही. देताना मात्र ग्रॅच्युइटीचा अर्ज करायला विसरू नका. पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे १५ हजार बेसिकवर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. पाच वर्षांचे ४३ हजारांच्या पुढे होतात. छोट्या कंपन्या आपणहून याचं नाव काढत नाहीत. चाकणच्या खोलीचं डिपॉझिट त्यातून निघेल. आणि निघताना रिलीव्हिंग लेटरवर तारखा आणि पद बरोबर आहे ना ते तिथंच उभं राहून वाचा, व्हेरिफिकेशनच्या वेळी तेच सगळ्यात आधी बघतात.